सिक बो: दोनशे सोळाचा हिशेब

प्रश्न: सिक बोच्या टेबलावर पन्नासच्या वर पैजा दिसतात. क्रॅप्सही थोडा खेळून पाहिलाय. हाऊस एज बघितला तर त्यातल्या त्यात बऱ्या पैजा कुठल्या, आणि कुठल्यांना हातच लावू नये? जिथे भाव जास्त तिथे फायदा जास्त, असं धरलं तर चालतं का?

उत्तर:

नाही चालत. सिक बोमध्ये तर बऱ्याचदा उलटंच असतं. मी अनेक वर्षं फाशांच्या टेबलामागे डीलर म्हणून उभा होतो, नंतर टेबलांचे भाव तपासायचं काम केलं. त्या सगळ्या काळात मला खऱ्या अर्थानं उपयोगी पडला तो एकच आकडा: २१६. तो कसा वापरायचा हे कळलं, की कुठल्याही टेबलावरची कुठलीही पैज तुम्ही स्वतः तपासू शकता.

सिक बोमध्ये तीन फासे. प्रत्येकाच्या सहा बाजू, म्हणजे सहा गुणिले सहा गुणिले सहा, एकूण २१६ शक्यता. आता अशी कल्पना करा की तुम्ही बरोबर २१६ डाव खेळलात आणि प्रत्येक शक्यता एकेकदाच पडली. प्रत्येक डावाला एकच पैज, एकच चिप. म्हणजे तुम्ही २१६ चिपा टेबलावर ठेवल्या. परत किती आल्या? ती पैज जितक्या प्रकारे जिंकते तो आकडा घ्या, भावात एक मिळवून त्यानं गुणा (ती एक म्हणजे तुमची स्वतःची चिप, जिंकल्यावर ती परत मिळते). गुणाकार २१६ पेक्षा जितका कमी भरेल, तितका कॅसिनोचा वाटा. त्याला २१६ नं भागलं की हाऊस एज.

सगळ्यात साधी पैज घेऊ. ‘छोटा’ म्हणजे बेरीज ४ ते १०, ‘मोठा’ म्हणजे ११ ते १७. दोन्हींना भाव एकास एक. छोट्याला जिंकायचे मार्ग १०५. एकशे पाच गुणिले दोन म्हणजे २१०. सहा चिपांची तूट, म्हणजे २.७८ टक्के. ही तूट येते कुठून, ते बघण्यासारखं आहे. ३ ते १० ही बेरीज २१६ पैकी नेमक्या १०८ वेळा येते, बरोबर निम्म्या. पण तिन्ही फाशांवर एकच आकडा आला, म्हणजे तिकडी पडली, की छोटा आणि मोठा दोघेही हरतात. तिकड्या एकूण सहा. या पैजेवर कॅसिनो जगतो तो त्या सहा तिकड्यांवर, बाकी कशावर नाही. सम-विषमची पैजही अशाच नियमानं चालते आणि तिचा हिशेबही हाच.

आता दुसरं टोक. मकाऊच्या टेबलांवर सर्रास दिसणाऱ्या भावांमध्ये बेरीज ५ किंवा १६ ला एकास अठरा देतात. पाच ही बेरीज दोनच जुळण्यांनी होते: १-१-३ आणि १-२-२. प्रत्येक जुळणी फाशांच्या अदलाबदलीनं तीन प्रकारे पडते, म्हणजे सहा मार्ग. सहा गुणिले एकोणीस, ११४. तुम्ही २१६ ठेवल्या आणि ११४ परत आल्या. हाऊस एज ४७.२२ टक्के. टेबलावर याहून वाईट पैज नाही, आणि हिच्या जवळपास जाणारीही नाही.

शेजारच्याच चौकोनाशी तुलना केली तर ही पैज किती वाकडी आहे ते दिसतं. बेरीज ४ ला (आणि १७ ला) तीन मार्ग, भाव एकास पन्नास. तीन गुणिले ५१ म्हणजे १५३. तूट ६३, एज २९.१७ टक्के. हीसुद्धा वाईटच. पण ५ ही ४ च्या दुप्पट वेळा पडते, तेव्हा त्याच प्रमाणात तिचा भाव निदान एकास चोवीसच्या आसपास हवा होता. फाशांच्या न्यायानं तर तो एकास पस्तीस व्हायला हवा. मिळतात अठरा. टेबलावर कुणी तक्रार करत नाही, कारण छापलेला अठरा हा आकडा डोळ्याला मोठा दिसतो आणि पस्तीस कुठेच छापलेला नसतो.

‘पण मला तर ती लागली होती’ असं सांगणारे खूप भेटतात, आणि ते खोटं बोलत नसतात. समजा तुम्ही दर डावाला एक चिप फक्त ५ वर ठेवून चाळीस डाव खेळलात. निदान एकदा ५ लागण्याची शक्यता तिनात दोनपेक्षा किंचित जास्तच आहे. एकदा लागली की अठरा चिपा समोर सरकतात, आजूबाजूचे माना वळवतात, तो क्षण लक्षात राहतो. पण हिशेब बघा: चाळीस ठेवल्या, एकोणीस परत आल्या. दोनदा लागली तर अडतीस परत, तरी दोन चिपांनी तुम्ही खालीच. वर यायला निदान तीनदा लागावी लागते, आणि ते साधारण दहात एकदाच घडतं. उलट छोट्यावर तेच चाळीस डाव खेळणारा माणूस शंभरात ३७ वेळा फायद्यात उठतो. त्याला लक्षात राहण्यासारखा क्षण मात्र एकही मिळत नाही, म्हणून त्याचा किस्सा कुणी सांगत नाही.

बेरजेच्या पैजांमध्ये एक गंमत आहे. माझ्या सगळ्यात आवडीची म्हणून ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. बेरीज ९ आणि बेरीज १०, दोन्हींना मकाऊच्या त्या भावांत एकास सहा मिळतात. कागदावर लिहून काढा: नऊ व्हायला सहा जुळण्या, दहा व्हायलाही सहा जुळण्या. मग दोन्ही सारख्याच, असं वाटतं. सतराव्या शतकात जुगाऱ्यांना नेमकं हेच कोडं पडलं होतं. अनुभवानं १० थोडी जास्त येते हे त्यांना कळत होतं, पण का ते कळत नव्हतं, आणि ते गॅलिलिओनं सोडवलं. जुळण्या सारख्या असल्या तरी मार्ग सारखे नसतात. १-२-६ सारखी तीन वेगळ्या आकड्यांची जुळणी सहा प्रकारे पडते, २-२-५ सारखी तीन प्रकारे, आणि ३-३-३ फक्त एकाच प्रकारे. नऊमध्ये ही ३-३-३ येते, दहामध्ये एकही तिकडी येत नाही. मोजून बघा, नऊचे मार्ग २५ आणि दहाचे २७. भाव सारखा, म्हणून नऊवर तूट ४१ ची आणि दहावर २७ ची. टक्क्यांत १८.९८ आणि १२.५. दोन मार्गांचा फरक, पण त्यानं साडेसहा टक्के जातात. १२ आणि ११ ही त्यांचीच प्रतिबिंबं, तेव्हा १२ वाईट आणि ११ तिच्याहून बरी. बेरजांमध्ये सगळ्यात कमी मार खाणारी पैज मात्र ७ आणि १४ ची: १५ मार्ग, एकास बारा, एज ९.७२. बेरीज खेळायचीच असेल तर हीच, पण छोट्या-मोठ्याच्या साडेतीनपट महाग आहे हे धरून खेळा.

एका आकड्याच्या पैजेबद्दल एक जुना गैरसमज आहे. समजा तुम्ही ४ हा आकडा धरला. एका फाशावर आला तर एकास एक, दोनवर आला तर एकास दोन, तिन्हीवर आला तर एकास तीन. लोक म्हणतात, प्रत्येक फाशावर सहात एक संधी, फासे तीन, म्हणजे निम्म्या वेळा जिंकणार, शिवाय वर बोनस. निम्म्या वेळा नाही. २१६ पैकी १२५ वेळा तुमचा आकडा एकाही फाशावर नसतो. तो ९१ वेळाच दिसतो. तिन्ही फाशांच्या संधींची नुसती बेरीज करताना दोन-दोन फाशांवर एकदम आलेले प्रसंग दुहेरी मोजले जातात, ही त्यातली चूक. बोनस धरूनही १७ चिपांची तूट पडते, ७.८७ टक्के. चक-अ-लक नावाचा जुना खेळ मुख्यतः याच पैजेवर उभा आहे. तो तीच गफलत खाऊन वर्षानुवर्षं चालला. काही सिक बो टेबलांवर तिन्ही फाशांवर आकडा आल्यास एकास बारा देतात. तिथे ही पैज एकदम ३.७० टक्क्यांवर येते आणि खेळण्यासारखी होते.

जोड्या आणि तिकड्या लवकर आटोपतो. ठरावीक जोडी, म्हणजे दोन फाशांवर तुम्ही सांगितलेला आकडा, १६ मार्गांनी जिंकते. एकास आठ भाव असेल तर १४४ परत, तूट ७२, बरोबर एक तृतीयांश गेले. ठरावीक तिकडीला एकास दीडशे मिळतात आणि मार्ग एकच, एज ३०.०९. कुठलीही तिकडी, भाव एकास चोवीस, मार्ग सहा, एज ३०.५६. बेरीज ६ किंवा १५, एकास चौदा, तिचाही ३०.५६. या सगळ्यांना हात लावू नका.

या यादीतली ‘कुठलीही तिकडी’ ही पैज मात्र फार लबाड आहे. ती शहाण्या माणसालाही फसवते, कारण ती विमा म्हणून विकली जाते. मी असा एक जण रोज बघायचो. वीस चिपा छोट्यावर, आणि त्याबरोबर न चुकता एक चिप कुठल्याही तिकडीवर. त्याचं म्हणणं तर्काला धरून होतं: छोटा हरतो तो तिकडीमुळेही हरतो, म्हणून तिकडी पडली तर दुसरीकडून भरपाई. वीस गेल्या तरी चोवीस आल्या.

आता त्याचे २१६ डाव मोजा. छोट्यावर वीस चिपांनी १०५ वेळा जिंकला, १११ वेळा हरला. सहा डावांची तूट गुणिले वीस, १२० चिपा गेल्या. तिकडीवरच्या एका चिपेनं सहा वेळा चोवीस मिळवल्या, म्हणजे १४४, आणि २१० वेळा ती एक चिप गेली. तिकडे ६६ चिपांचा खड्डा. एकूण नुकसान १८६. विमा नसता तर १२०. आपल्या पैशाच्या जेमतेम एकविसाव्या हिश्श्यानं त्याचं नुकसान निम्म्याहून जास्त वाढवलं. विम्याचा हप्ता बाजारभावाच्या कितीतरी पट होता, एवढंच. हे त्याला एकदा टेबल बंद झाल्यावर कागदावर दाखवलं. त्यानं मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच चिप तिथेच ठेवली. ‘तिकडी पडल्यावर वाईट वाटतं ना,’ म्हणाला. वाईट न वाटण्यासाठी कुणी मोजून किंमत देत असेल तर माझी हरकत नाही, फक्त ती किंमत माहीत असावी.

आत्तापर्यंत मी सगळीकडे एकच भावपत्रक धरून बोललो. प्रत्यक्षात टेबलागणिक भाव बदलतात आणि सिक बोमध्ये हे बदल फार मोठे असतात. त्यामुळे इंटरनेटवरचा तक्ता पाठ करून जाणं धोक्याचं. काही टेबलं ५ आणि १६ ला एकास तीस देतात. तिथे सहा गुणिले एकतीस म्हणजे १८६, एज एकदम १३.८९ वर. ९ आणि १२ ला एकास सात असेल तर ७.४१. सगळ्यात मोठी उडी दोन आकड्यांच्या जोडगोळीत दिसते, म्हणजे ‘२ आणि ५ दोन्ही पडतील’ असली पैज. तिचे मार्ग ३०. एकास पाच दिले तर १८० परत, एज १६.६७. एकास सहा दिले तर २१० परत आणि एज २.७८, म्हणजे छोट्या-मोठ्याच्या बरोबरीची. पैज तीच, फासे तेच, फक्त पाचाच्या जागी सहा छापलेत. म्हणून टेबलाशी बसायच्या आधी मी सांगतो ते करा: छोटा-मोठा बघायची गरज नाही, तो बहुतेक सगळीकडे सारखाच. जोडगोळीचा भाव बघा. सहा असेल तर टेबलावर तुमच्यासाठी दोन प्रकारच्या पैजा आहेत. पाच असेल तर एकच.

स्क्रीनवरच्या सिक बोत ‘गुणक’ लागतात, एखाद्या बेरजेचा भाव अचानक कित्येक पट होतो. तिथे मूळ भाव आधीच कापलेले असतात, त्यातूनच ते गुणक दिले जातात. मूळ भाव वापरून माझा गुणाकार केलात तर एज भयंकर दिसेल, आणि गुणक किती वेळा लागतात ते कळल्याशिवाय खरा आकडा काढता येणार नाही. तिथे खेळाच्या माहितीच्या पानावर दिलेला परताव्याचा टक्का बघणं एवढाच उपाय.

आता क्रॅप्स. दोन फासे, ३६ शक्यता, हिशेबाची पद्धत तीच. पास लाइनचा, म्हणजे फासे फेकणारा जिंकेल या पैजेचा एज १.४१ टक्के, आणि डोन्ट पासचा, म्हणजे तो हरेल या पैजेचा १.३६. छोट्या-मोठ्याच्या निम्मा. आणि खरा फरक याहूनही मोठा आहे, कारण सिक बोची प्रत्येक पैज एका फेकीत निकाली निघते, तर पास लाइनचा निकाल लागायला सरासरी ३.३८ फेकी लागतात. फेकीमागे बघितलं तर पास लाइन तुमच्याकडून ०.४२ टक्केच घेते. दहा चिपांनी खेळता असं धरा. सिक बोमध्ये तासाला चाळीस डाव झाले तर छोट्यावर सरासरी अकरा चिपा जातात, आणि त्याच दहा ५ वर लावल्या तर १८९. क्रॅप्समध्ये तासाला शंभर फेकी झाल्या तरी पास लाइनवर चारच्या आसपास. डावांचा वेग टेबलावर अवलंबून असतो, पण आकड्यांमधलं अंतर यावरून कळेल.

पहिल्या फेकीला ४, ५, ६, ८, ९ किंवा १० आला की तो पॉइंट ठरतो, आणि पास लाइन जिंकायला तो सातच्या आधी पुन्हा यावा लागतो. पॉइंट ठरल्यावर पास लाइनच्या मागे ‘ऑड्स’ नावाची जादा पैज लावता येते. तिला फाशांच्या न्यायानं नेमका भाव मिळतो: ४ आणि १० ला एकास दोन, ५ आणि ९ ला दोनास तीन, ६ आणि ८ ला पाचास सहा. एज शून्य. पण ऑड्समुळे तुमचं नुकसान कमी होतं असं काही जण सांगतात ते खरं नाही. मूळ पैजेवरचं नुकसान तितकंच राहतं. ऑड्समुळे फक्त टेबलावरचा पैसा वाढतो, म्हणून टक्का कमी दिसतो, आणि चढ-उतार वाढतात. मूळ पैज कमी करून तो पैसा ऑड्सवर वळवलात तरच खरी बचत.

क्रॅप्सच्या टेबलावरही सापळे आहेत, आणि ते मधल्या भागात, डीलरच्या हाताशी असतात. ‘एनी सेव्हन’, पुढच्याच फेकीला सात येईल: सहा मार्ग, एकास चार, ३६ पैकी ३० परत, एज १६.६७. टेबलावरची सगळ्यात वाईट. २ किंवा १२ ला एकास तीस, १३.८९. ‘हार्ड एट’, म्हणजे सात किंवा दुसऱ्या प्रकारचा आठ येण्याआधी चार-चार येईल, ९.०९ टक्के. मात्र तिचा निकाल लागायला बऱ्याच फेकी जातात, त्यामुळे फेकीमागे ती २.७८ वर येते, नेमकी सिक बोच्या छोट्याइतकी. त्यावरून ती चांगली ठरत नाही, सिक बो किती वेगानं पैसे घेतो ते मात्र कळतं. ‘फील्ड’ची पैज, म्हणजे पुढच्या फेकीला २, ३, ४, ९, १०, ११ किंवा १२ येईल, १२ ला दुप्पट देत असेल तर ५.५६, तिप्पट देत असेल तर २.७८. ६ आणि ८ वर थेट ‘प्लेस’ लावलं, म्हणजे तो आकडा सातच्या आधी येईल असं धरलं, तर १.५२. तेच दोन आकडे कोपऱ्यातल्या ‘बिग सिक्स’, ‘बिग एट’ या चौकोनांवर लावले तर ९.०९, कारण तिथे सहास सात ऐवजी नुसते एकास एक मिळतात. जिंकण्या-हरण्याच्या अटी अगदी तशाच, तरी सहापट महाग.

भाव वाचताना एक शब्द नीट बघा. कुठे `30 TO 1` छापलेलं असतं, कुठे `30 FOR 1`. पहिल्यात तीस मिळतात आणि तुमची चिप वेगळी परत येते. दुसऱ्यात तीसमध्ये तुमचीच चिप धरलेली असते, म्हणजे खरा भाव एकास एकोणतीस. क्रॅप्सच्या १२ वर या एका शब्दानं एज १३.८९ वरून १६.६७ वर जातो. माझा गुणाकार करताना `FOR` दिसला तर भावात एक मिळवू नका, छापलेल्या आकड्यानंच गुणा.